तेजीने न विचारता वाढवलेली जोखीम

१७ ऑक्टोबर २००७ च्या सकाळी मुंबई शेअर बाजार उघडला आणि काही मिनिटांतच सेन्सेक्स १,७४३ अंकांनी कोसळला. आदल्या संध्याकाळी सेबीने पार्टिसिपेटरी नोट्सवर, म्हणजे परदेशी पैसा नाव न सांगता बाजारात आणणाऱ्या साधनावर, निर्बंध घालण्याचा प्रस्ताव जाहीर केला होता. व्यवहार तासभर थांबवावे लागले. दिल्लीहून खुलासे आले, बाजार पुन्हा सुरू झाला आणि दिवसअखेर घसरण उरली ती फक्त ३३६ अंकांची. त्यानंतर दोन आठवड्यांच्या आत सेन्सेक्सने पहिल्यांदा २०,००० चा आकडा पाहिला.

ज्यांनी त्या तासाभरानंतर घाईने खरेदी केली, त्यांना त्याच दिवशी नफा दिसला. ज्यांनी घाबरून विकले, ते मूर्ख ठरले. २००३ ते २००७ या पाच वर्षांच्या तेजीचे अतिआत्मविश्वासात रूपांतर कसे झाले हे समजून घ्यायचे, तर हा एक दिवस फार महत्त्वाचा आहे. माणसे केवळ नफ्याने फुशारत नाहीत; पडझडीतून सहीसलामत बाहेर पडल्याने जास्त फुशारतात.

त्याआधीच्या दोन मोठ्या घसरणी बघा. जानेवारी २००४ मध्ये सेन्सेक्स ६,२०० च्या वर गेला होता. मे महिन्यात लोकसभेचे अनपेक्षित निकाल लागले आणि १७ मे रोजी दिवसभरात दोनदा व्यवहार थांबवण्याची वेळ आली. ती घसरण भरून निघायला त्या वर्षाची अखेर उजाडली. मग १० मे २००६ रोजी १२,६०० च्या वर बंद झालेला सेन्सेक्स १४ जूनपर्यंत ८,९२९ वर आला. पाच आठवड्यांत जवळजवळ ३० टक्के गेले, पण ऑक्टोबरपर्यंत सगळे भरून निघाले. आणि २००७ च्या ऑक्टोबरमध्ये तर बहुतेक नुकसान एका दिवसात पुसले गेले. आधी अनेक महिने, मग पाच महिने, मग काही तास. प्रत्येक वेळी भीती कमी काळ टिकली आणि प्रत्येक वेळी ‘पडला की घ्या’ हा धडा आणखी पक्का झाला.

हा धडा चुकीचा होता असे नाही. त्या पाच वर्षांपुरता तो खराच होता. अडचण अशी की, तो शिकताना माणसाने दोन गोष्टी एकत्र करून टाकल्या: बाजार वर गेला ही एक, आणि मी बरोबर निर्णय घेतला ही दुसरी. सिमोन जर्वे आणि टेरन्स ओडीन या अभ्यासकांनी २००१ मध्ये याचे एक गणिती प्रारूप मांडले होते. नवा गुंतवणूकदार आपल्या यशाअपयशावरून स्वतःची कुवत ओळखू पाहतो, पण यशाचे श्रेय स्वतःला जरा जास्तच देतो. त्यामुळे अनुभव वाढतो तसा त्याचा अंदाज लगेच सुधारत नाही. सुरुवातीच्या काळात, विशेषतः यश मिळत असताना, तो उलट बिघडत जातो. कुवतीचे खरे माप हाती यायला चांगले-वाईट असे बरेच दिवस पाहावे लागतात. सलग तेजीत वाईट दिवस फार टिकतच नाहीत आणि बाजार तर नव्या माणसांनी भरत जातो. तेजीच्या अखेरीस बाजारातला आत्मविश्वास सर्वात जास्त असतो, त्याचे एक साधे कारण हे आहे.

आता हे आकड्यांत पाहू. २००२ च्या अखेरीस सेन्सेक्स ३,३७७ होता. पुढच्या पाच वर्षअखेरी तो अनुक्रमे ५,८३९, ६,६०३, ९,३९८, १३,७८७ आणि २०,२८७ असा चढत गेला. समजा, ठाण्यातल्या एका बँक कर्मचाऱ्याने २००२ संपताना आपल्या १० लाखांची विभागणी केली. ६ लाख शेअरमध्ये, ४ लाख मुदत ठेवींत. हिशेब सोपा राहावा म्हणून शेअरचा भाग अगदी सेन्सेक्ससारखा चालला, लाभांश सोडून दिला आणि ठेवींवर दरवर्षी ७ टक्के मिळाले असे धरू. विभागणी करताना त्याने विचार केला होता: शेअर निम्म्यावर आले तर ३ लाख जातील, ते मी सोसू शकतो.

पाच वर्षे त्याने काहीच केले नाही. २००७ च्या अखेरीस त्याचे शेअर ३६ लाखांचे झाले आणि ठेवी ५ लाख ६१ हजारांच्या. एकूण ४१ लाख ६५ हजार. अभिमान वाटावा असाच हा आकडा आहे. पण त्यात शेअरचा वाटा ६० टक्के राहिलेला नाही, तो साडेशहाऐंशी टक्के झाला आहे. ही साडेशहाऐंशी टक्क्यांची विभागणी त्याने कधी ठरवली? कधीच नाही. २००२ मध्ये कोणी त्याला ‘जवळजवळ सगळ्या पैशाचे शेअर घे, ठेवीत फक्त १३-१४ टक्के ठेव’ असा सल्ला दिला असता, तर त्याने त्या माणसाला दारातूनच परत पाठवले असते. पाच वर्षांनी तो नेमका तिथेच उभा आहे आणि त्याला काही बदलल्याचे जाणवलेलेही नाही.

इथे मी टक्केवारीपेक्षा पगाराचे माप वापरावे असे म्हणेन, कारण टक्के मनाला टोचत नाहीत. समजा २००२ मध्ये त्याचा पगार महिना २५ हजार होता आणि २००७ मध्ये ४० हजार झाला. तेव्हा शेअर निम्म्यावर आले असते तर बारा महिन्यांचा पगार बुडाला असता. आता निम्म्यावर आले तर १८ लाख, म्हणजे पंचेचाळीस महिन्यांचा पगार. पगार वाढला, बचतही वाढली, पण एका वाईट वर्षाची किंमत एका वर्षाच्या श्रमावरून जवळजवळ चार वर्षांच्या श्रमावर गेली. शिवाय या काळात त्याचे वय पाच वर्षांनी वाढले आहे आणि मुलांचे शिक्षण तेवढेच जवळ आले आहे.

अतिआत्मविश्वास ओळखण्याची पहिली खूण मला हीच वाटते. बाजाराचा मूड, टीव्हीवरची चर्चा, सोसायटीच्या जिन्यात शेअरच्या टिप देणारे शेजारी, या सगळ्या गोष्टी खऱ्या असल्या तरी त्या वर्षानुवर्षे चालू राहू शकतात आणि त्यावरून तारीख कळत नाही. आपली मूळ विभागणी आणि आजची विभागणी यांतला फरक मात्र कागदावर मोजता येतो. तो फरक पडूनही आपण स्वस्थ असू, तर आपण एक मोठा निर्णय न घेता घेतलेला आहे.

आतापर्यंतचा माणूस तसा शांत होता. प्रत्यक्षात २००७ मधले फार थोडे लोक इतके शांत राहिले. ठेव मोडून शेअर घेणे, मोठ्या कंपन्या ‘हळू चालतात’ म्हणून विकून लहान आणि बांधकाम क्षेत्रातल्या कंपन्यांकडे वळणे, डिलिव्हरीवरून फ्युचरकडे जाणे, असा तो प्रवास असे. यातली प्रत्येक पायरी मागच्या पायरीवरच्या यशाने सुचलेली असते. म्हणून दुसरी खूण स्वतःच्या कॉन्ट्रॅक्ट नोटमध्ये शोधावी.

ब्रोकरकडून मागच्या वर्षभराचा आणि त्याच्या तीन वर्षे आधीच्या वर्षाचा व्यवहारांचा तपशील काढा. व्यवहारांची संख्या किती पटींनी वाढली? एका शेअरमध्ये एका वेळी टाकलेली सर्वात मोठी रक्कम एकूण पैशाच्या किती टक्के होती आणि आता किती आहे? खरेदी आणि विक्री यांच्यातले अंतर महिन्यांवरून दिवसांवर आले आहे का? हे तिन्ही आकडे एकाच दिशेने सरकले असतील, तर ज्ञान वाढल्यामुळे असे झाले असे स्वतःला सांगण्याआधी एक परीक्षा घ्यावी. वर्षभराच्या व्यवहारांत गुंतलेला पैसा त्याच काळात नुसता निर्देशांकात ठेवला असता तर काय झाले असते, हे काढावे. समजा २००७ मध्ये कोणी ५ लाखांवर सव्वादोन लाख कमावले. पंचेचाळीस टक्के! पण त्या वर्षी सेन्सेक्स ४७ टक्के वाढला होता. म्हणजे वर्षभराची धावपळ, रात्रीचे जागरण आणि जास्त धोक्याचे शेअर घेऊनही पदरात पडले ते काहीच न करणाऱ्यापेक्षा थोडे कमीच. हा हिशेब फारसे कोणी करत नाही, कारण नफा झालेला असताना तो करावासाच वाटत नाही.

ब्रॅड बार्बर आणि ओडीन यांनी अमेरिकेतल्या एका सवलतीच्या ब्रोकरकडील ६६,४६५ कुटुंबांचे १९९१ ते १९९६ या काळातले व्यवहार तपासले. बाजार वर्षाला सरासरी १७.९ टक्के वाढत होता. सर्वात जास्त खरेदी-विक्री करणाऱ्या कुटुंबांच्या हाती ११.४ टक्के उरले. तोही तेजीचाच काळ होता हे लक्षात घ्यावे. त्या लोकांना पैसे मिळत होते, म्हणून आपण मागे पडतो आहोत हे त्यांना दिसत नव्हते.

तिसरी खूण उसन्या पैशाची. ती सर्वात धोकादायक आहे, म्हणून तिच्यापाशी थोडे थांबू.

जानेवारी २००८ च्या मध्यावर रिलायन्स पॉवरचा पब्लिक इश्यू आला. किंमतपट्टा ४०५ ते ४५० रुपये. उघडल्यावर पहिल्या काही मिनिटांतच पूर्ण भरला गेला आणि अखेरीस सुमारे ७३ पट मागणी आली. कंपनीचे बहुतेक वीजप्रकल्प तेव्हा अजून उभे राहायचे होते. मोठे अर्जदार कर्ज काढून अर्ज करत होते, कारण शेअर नोंदला गेला की पहिल्या दिवशी विकून व्याजासकट फायदा काढायचा हे जणू ठरलेलेच होते. अर्जाचे पैसे खात्यातच अडवून ठेवण्याची आजची ‘अस्बा’ पद्धत तेव्हा आलेली नव्हती. पैसे खरोखर खात्यातून जात आणि परतावा येईपर्यंत अडकून पडत. ११ फेब्रुवारीला हा शेअर नोंदला गेला. किरकोळ गुंतवणूकदारांना तो सवलतीने ४३० रुपयांना मिळाला होता. पहिल्या दिवशी ३७२ रुपये ५० पैशांवर बंद झाला.

पण तोपर्यंत बाजार मुळातच बदलला होता. १० जानेवारीला सेन्सेक्सने २१,२०६ चा उच्चांक गाठला. १८ जानेवारीला तो १९,०१४ वर बंद झाला. सोमवारी, २१ तारखेला १,४०८ अंक गेले. मंगळवारी सकाळी दहा टक्क्यांची मर्यादा ओलांडून व्यवहार तासभर बंद पडले आणि पुन्हा सुरू झाल्यावर सेन्सेक्स १५,३३२ पर्यंत खाली जाऊन १६,७३० वर बंद झाला.

आता फ्युचर घेतलेल्या माणसाचा हिशेब पाहू. ६ लाखांची पोझिशन, तीवर २० टक्के म्हणजे १ लाख २० हजार मार्जिन. शुक्रवारच्या बंद भावापासून मंगळवारच्या तळापर्यंत निर्देशांक सव्वाएकोणीस-साडेएकोणीस टक्के उतरला. निर्देशांकाइतकाच त्याचा शेअर पडला असे धरले तरी जवळजवळ सगळे मार्जिन संपले. आणखी पैसे भरा म्हणून ब्रोकरचा फोन आला, पैसे नव्हते, कारण ते इश्यूच्या अर्जात अडकले होते. ब्रोकरने पोझिशन स्क्वेअर ऑफ केली, म्हणजे मिळेल त्या भावाला विकून टाकली. तीन दिवसांनी, २५ जानेवारीला, सेन्सेक्स एका दिवसात १,१४० अंकांनी उसळून १८,३६१ वर गेला. ‘पडला की वर येतो’ हे त्या माणसाचे म्हणणे त्या आठवड्यापुरते अगदी खरे ठरले. तो मात्र तेव्हा बाजारात नव्हता. उसना पैसा असला की अंदाज बरोबर असणे पुरत नाही, तोवर टिकूनही राहावे लागते आणि टिकायचे की नाही हे आपल्या हातात राहत नाही.

ज्यांनी २५ तारखेच्या उसळीला जुना धडा समजून पुन्हा खरेदी केली, त्यांच्यासाठी पुढचे वर्ष फार कठीण गेले. २७ ऑक्टोबर २००८ रोजी सेन्सेक्स दिवसात ७,७०० च्या खाली जाऊन आला. उच्चांकापासून ६३ टक्क्यांहून जास्त घसरण. लहान कंपन्यांचा निर्देशांक मार्च २००९ पर्यंत सुमारे चार-पंचमांश उतरला.

मग जोखीम कमी कशी करायची? पुन्हा ठाण्याच्या त्याच कर्मचाऱ्याकडे येऊ आणि त्याच्या शेजारी दुसरा माणूस उभा करू. त्याने सुरुवात तशीच केली, १० लाखांची ६०-४० विभागणी. फरक एवढाच की, दर ३१ डिसेंबरच्या सुमारास तो हिशेब करी आणि शेअरचा वाटा ६० च्या वर गेला असेल तेवढे विकून ठेवीत टाकी; खाली गेला तर ठेवीतून तेवढे शेअर घ्यायचे. त्याने बाजाराविषयी कोणताही अंदाज बांधला नाही.

२००७ च्या अखेरीस त्याच्याकडे ३५ लाख ६५ हजार होते. पहिल्या माणसापेक्षा बरोबर ६ लाख कमी. हा आकडा मी मुद्दाम ठळकपणे सांगतो, कारण जोखीम कमी करण्याचे फायदे सांगणारे लोक तो बहुधा गाळतात. पाच वर्षे हा माणूस मागे पडत होता. दरवर्षी त्याने विकलेले शेअर पुढच्या वर्षी आणखी वर जात होते. त्याच्या मेहुण्याने त्याला त्यावरून ऐकवले असेल, बायकोने विचारले असेल, आणि त्याच्याकडे उत्तर नव्हते.

२००८ च्या अखेरीस सेन्सेक्स ९,६४७ वर होता. पहिल्या माणसाचे ४१ लाख ६५ हजार घटून २३ लाख १४ हजार झाले. साडेअठरा लाख गेले. दुसऱ्याचे ३५ लाख ६५ हजार घटून २५ लाख ४३ हजार झाले. सव्वादहा लाख गेले. म्हणजे नुकसान त्यालाही झाले आणि ते लहान नव्हते. पण पाच वर्षांत मागे पडलेले ६ लाख एका वर्षात भरून निघून तो सव्वादोन लाखांनी पुढे गेला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, दहा लाखांचा तोटा पाहून हाती असलेले शेअर न विकणे आणि साडेअठरा लाखांचा तोटा पाहून न विकणे या दोन फार वेगळ्या गोष्टी आहेत. मार्च २००९ मध्ये तळाला विकून बाहेर पडलेले लोक बहुधा दुसऱ्या गटातले होते असे मला वाटते.

आता समजा, पहिल्या माणसाला शहाणपण उशिरा सुचले. २००७ च्या डिसेंबरमध्ये त्याने वही उघडली आणि साडेशहाऐंशी टक्के पाहिले. ६० वर परत यायचे तर ११ लाखांचे शेअर विकावे लागतील. चढत्या बाजारात एवढी विक्री करायला त्याचा हात धजणार नाही आणि खरे तर त्याने ती एकदम करूही नये, कारण पुढच्याच महिन्यात बाजार आणखी दहा टक्के चढला, तर तो पस्तावून सगळे परत विकत घेईल. त्याने निम्मे अंतर तोडले असते, म्हणजे साडेपाच लाखांचे विकले असते, तर २००८ च्या अखेरीस त्याच्याकडे २३ ऐवजी २६ लाख ४० हजार असते. अगदी अखेरच्या क्षणी, अर्धेच केलेले काम, तरी सव्वातीन लाख वाचले. मोठ्या तेजीनंतर जोखीम कमी करताना ‘सगळे की काहीच नाही’ हा प्रश्नच चुकीचा आहे.

सगळे विकून बाहेर बसण्याचा धोका मी जास्त मोठा मानतो. २००६ च्या अखेरीस १३,८०० च्या आसपास ‘आता बाजार महाग झाला’ असे म्हणून पूर्ण बाहेर पडलेल्या माणसाला पुढचे बारा महिने सेन्सेक्स ४७ टक्के चढताना बघावे लागले. त्याचे म्हणणे खरे होते, बाजार महागच होता. असा माणूस बहुतेकदा पुरते वर्षभर थांबू शकत नाही. तो परत येतो, आणि येतो तो अगदी वरच्या टोकाला, चुकलेला नफा भरून काढायच्या घाईत, आधीपेक्षा मोठी रक्कम घेऊन.

म्हणूनच हे काम गाजावाजा न करता करावे. चारचौघांत ‘मी विकतोय, बाजार पडणार’ म्हटले की आपल्या घरच्या हिशेबाचे भाकीत होते. मग बाजार चढला की आपण खोटे ठरतो आणि खोटे ठरू नये म्हणून एकतर हट्टाने सगळेच विकतो किंवा लाजून परत खरेदी करतो. घरातल्या ज्या माणसाचा त्या पैशात वाटा आहे त्याला सगळे सांगावे, आकड्यांनिशी सांगावे. बाकी कोणाला सांगण्याची गरज नाही. भाकीत केलेलेच नसेल तर चुकण्याचा प्रश्नही येत नाही.

प्रत्यक्ष क्रम मी असा ठेवीन. सगळ्यात आधी उसना पैसा. फ्युचरच्या पोझिशन, मार्जिनवर घेतलेले शेअर, शेअर तारण ठेवून काढलेले कर्ज हे आधी मिटवावे, मग नफा असो वा तोटा. त्यानंतर ज्या पैशाला पुढच्या चार-पाच वर्षांत ठरलेला खर्च आहे, मुलीची फी, घराचा पहिला हप्ता, तो शेअरमधून काढून मुदत ठेवीत किंवा लिक्विड फंडात न्यावा. हे करताना बाजार किती चढेल याचा विचार करू नये. तो पैसा तिथे असायलाच नको होता. मग उरलेल्या भागात ज्या लहान कंपन्यांचे रोजचे व्यवहार थोडे आहेत, त्यांकडे वळावे. पडझडीत त्यांना गिऱ्हाईक मिळत नाही, लागोपाठ लोअर सर्किट लागतात आणि विकायचे ठरवूनही विकता येत नाही. तेजीत मात्र त्यांना भरपूर खरेदीदार असतात. मोठ्या कंपन्या आणि निर्देशांक फंड शेवटी.

विभागणी मोजताना भविष्य निर्वाह निधी आणि पीपीएफ ठेवींच्या बाजूला धरायला विसरू नये. अनेक नोकरदार फक्त डीमॅट आणि म्युच्युअल फंडच मोजतात आणि आपण फार धोक्यात आहोत असे समजून गरजेपेक्षा जास्त विकतात. उलट व्यवसाय करणाऱ्याने आणखी सावध असावे. मंदीत त्याचे उत्पन्नही शेअरबरोबरच घटते.

दरवर्षी मोजणे जमत नसेल तर पट्टा ठरवावा. ६० चा वाटा ७० वर गेला की परत ६५ किंवा ६० वर आणायचा, मध्ये काही करायचे नाही. नियमित बचत चालू असेल तर पुष्कळदा विकावेही लागत नाही. वर्षभराची एसआयपी आणि बोनस ठेवींकडे वळवला तरी वाटा हळूहळू खाली येतो, आणि करही लागत नाही. कराचा प्रश्न खरा आहे. २००४ ते २०१८ या काळात बाजारात विकलेल्या शेअरच्या दीर्घकालीन नफ्यावर कर नव्हता, म्हणून आपल्या उदाहरणात तो धरलेला नाही. जुलै २०२४ पासूनच्या नियमाप्रमाणे वर्षापेक्षा जास्त ठेवलेल्या शेअरच्या नफ्यावर, वर्षाला सव्वा लाखाची सूट वगळून, साडेबारा टक्के लागतात आणि वर्षाच्या आत विकले तर वीस टक्के. त्यामुळे विक्रीचे दोन भाग करून एक मार्चमध्ये आणि एक एप्रिलमध्ये केला तर सव्वा लाखाची सूट दोन आर्थिक वर्षांत दोनदा मिळते. पण कर वाचवायचा म्हणून वर्षानुवर्षे न विकणे ही तेजीतली फार आवडती सबब आहे. नफ्याचे साडेबारा टक्के आणि भांडवलाचे पन्नास टक्के यांची तुलना कागदावर एकदा करून पाहावी.

या पद्धतीची मर्यादाही सांगायला हवी. ती पडझड टाळत नाही, तारीख सांगत नाही. तेजी आणखी पाच वर्षे चालली तर आपण मागे पडणार हे नक्की आहे. आजच्या वाचकाला ते अधिक जाणवेल, कारण २०१६ ते २०२४ अशी सलग नऊ कॅलेंडर वर्षे निफ्टीने घट दाखवलेली नाही, आणि मार्च २०२० ची भयंकर घसरण काही महिन्यांत भरून निघाली. डीमॅट खाती २०२० मध्ये सुमारे चार कोटी होती, चार वर्षांत ती पंधरा कोटींवर गेली. यातल्या बहुसंख्यांनी दोन-तीन वर्षे चाललेली मंदी पाहिलेलीच नाही. सेबीने २०२४ मध्ये जाहीर केलेल्या अभ्यासात आधीच्या तीन वर्षांत फ्युचर-ऑप्शन करणाऱ्या दर शंभर व्यक्तींपैकी ९३ जणांना तोटा झालेला आढळला, आणि ही चढत्या बाजारातली गोष्ट आहे.

या पद्धतीचा सर्वात अवघड भाग पडझडीनंतर येतो. २००८ च्या अखेरीस दुसऱ्या माणसाच्या २५ लाख ४३ हजारांत शेअरचा वाटा घटून ४० टक्के झाला होता. जो नियम पाच वर्षे त्याला विकायला सांगत होता, तोच आता सांगत होता की, ठेवीतले ५ लाख मोडून शेअर घे. लेहमन ब्रदर्स बुडून तीनच महिने झाले होते, मुंबईवरच्या हल्ल्याला जेमतेम महिना. पण त्याच्याकडे घ्यायला पैसे होते, तेजीच्या प्रत्येक वर्षी थोडे थोडे बाजूला ठेवलेले. २००९ मध्ये सेन्सेक्स ८१ टक्के चढला आणि वर्षअखेरीस त्याच्याकडे साडेअडतीस लाख होते, म्हणजे २००७ च्या आकड्याहूनही जास्त. पहिला माणूस तोवर न घाबरता शेअर धरून बसला असता, तरी त्याच्याकडे साडेसदतीस लाख असते, त्याच्या २००७ च्या आकड्यापेक्षा चार लाख कमी.